रेटिंग ठरतं दुसऱ्याच खोलीत

एप्रिल ते जून हा बहुतेक खासगी कंपन्यांमधला अप्रेझलचा हंगाम. मार्चअखेर वर्ष संपतं, सेल्फ अप्रेझलचा फॉर्म भरून होतो आणि मग एक दिवस साहेब अर्ध्या तासासाठी बोलावून घेतात. अपेक्षा ‘४’ची असते, हातात पडतो ‘३’. पुढची वीस मिनिटं तो ३ चा ४ कसा व्हायला हवा होता यावर वाद घालण्यात जातात. बाहेर पडताना रेटिंग तेच असतं आणि साहेबांच्या मनात आपल्याबद्दल आणखी एक नोंद झालेली असते.

हा वाद बहुधा निष्फळ ठरतो, कारण तो चुकीच्या खोलीत चाललेला असतो. मोठ्या आणि मध्यम कंपन्यांमध्ये साहेब रेटिंग सुचवतात, पण ते एकटे ठरवत नाहीत. विभागातले सगळे मॅनेजर आणि एचआरचा माणूस एकत्र बसतात, नावांची यादी पडद्यावर लागते आणि प्रत्येक नावावर एकदोन मिनिटं चर्चा होते. याला ‘कॅलिब्रेशन’ किंवा ‘नॉर्मलायझेशन’ म्हणतात. वरच्या श्रेणीत किती लोक बसवायचे याला मर्यादा असते, कारण पगारवाढीचं बजेट ठरलेलं असतं. यादी त्यापेक्षा लांबली की कुणाचं तरी नाव एक पायरी खाली सरकतं. वरच्यांची मंजुरी मिळाली, पगाराचा तक्ता बंद झाला की त्यानंतर आपल्याला बोलावलं जातं. तोवर रेटिंग बदलणं बऱ्याचदा साहेबांच्याही हातात राहिलेलं नसतं.

या पद्धतीचा सर्वांत कडक नमुना अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत जॅक वेल्च यांच्या काळात गाजला. वरचे २० टक्के, मधले ७० टक्के आणि खालचे १० टक्के अशी सक्तीची विभागणी तिथे होती. पुढे अनेक कंपन्यांनी ती सोडली; मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये. पण ‘बेल कर्व्ह’ हे नाव गेलं तरी बजेटची मर्यादा राहते आणि तिच्यासोबत ती बंद खोलीतली चर्चाही राहते.

म्हणून आपण ज्या मीटिंगमध्ये बसलो आहोत तिचा उपयोग वेगळा आहे. त्या दुसऱ्या खोलीत आपल्याबद्दल काय बोललं गेलं हे समजून घ्यायचं आणि पुढच्या वर्षी तिथे काय बोललं जावं याची तयारी सुरू करायची.

हे दोन्ही एकाच बैठकीत होणं अवघड आहे आणि यावरचा जुना अभ्यास त्याच जनरल इलेक्ट्रिकमधला आहे, वेल्च यांच्या बराच आधीचा. मेयर, के आणि फ्रेंच या तिघांनी कंपनीतल्या अप्रेझलच्या मुलाखतींचा अभ्यास करून १९६५ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये लेख लिहिला. टीका झाली की माणूस बचावात जातो आणि ज्या बाबींवर जास्त टीका झाली त्यांतच पुढे सुधारणा कमी दिसते, असं त्यांना आढळलं. पगाराची चर्चा आणि सुधारणेची चर्चा वेगवेगळ्या वेळी करा, असं त्यांनी सुचवलं. साठ वर्षं झाली, तरी अनेक कंपन्या अजून दोन्ही विषय त्याच अर्ध्या तासात उरकतात. कंपनी वेगळं करत नसेल तर ते आपण करू शकतो.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. समजा, चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात एक क्वालिटी इंजिनिअर आहे. गेल्या वर्षी तिला ४ मिळाले होते, यंदा ३. तिच्या केआरएमध्ये ग्राहकाकडून परत येणारे सदोष भाग कमी करणं हे सर्वांत मोठं काम होतं: दहा लाखांमागे १२० वरून ६० वर आणायचे होते, ते ७० पर्यंत आले. पुरवठादारांचे बाराही ऑडिट वेळेत झाले. फॉर्मवर साहेबांचा शेरा मात्र एका ओळीचा: ‘ओनरशिप वाढवायला हवी.’

अशा वेळी कान तापतात, बोलण्याचा वेग वाढतो आणि तोंडून पहिलं वाक्य निघतं, “सर, मग त्या अमक्याला ४ कसे?” हे वाक्य निघालं की मीटिंग संपल्यातच जमा. साहेब दुसऱ्याच्या रेटिंगवर बोलू शकत नाहीत, त्यामुळे तेही बचावात जातात. याच्या उलट टोकाची चूक आपल्याकडे जास्त दिसते: “ठीक आहे सर,” म्हणून खाली मान घालून निघून जाणं. साहेब त्याचा अर्थ ‘पटलं’ असा घेतात आणि विषय तिथेच मिटतो.

तिने वही उघडावी आणि साहेबांचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्यावेत. लिहिण्यामुळे बोलण्याचा वेग आपोआप कमी होतो आणि उत्तर द्यायची घाई टळते. डोळ्यांत पाणी आलं तर “पाच मिनिटांत येते” म्हणून बाहेर जाऊन यायला काहीच हरकत नाही. मग एवढंच म्हणावं: “सर, मला ४ ची अपेक्षा होती, त्यामुळे वाईट वाटलंय. आज मला हे नीट समजून घ्यायचंय. पुढच्या आठवड्यात अर्धा तास द्याल का? तेव्हा पुढच्या वर्षाबद्दल बोलू.” नाराजी लपवलेली नाही, पण तिच्यावर वादही घातलेला नाही. दुसरी बैठकही मागून झाली.

त्या दिवशी विचारायचे प्रश्न दोनच. पहिला शेऱ्यातल्या मोघम शब्दाबद्दल: “ओनरशिप कमी दिसली असा एखादा प्रसंग सांगाल का?” ओनरशिप, कम्युनिकेशन, प्रोॲक्टिव्ह हे शब्द फॉर्मवर सहज लिहिले जातात, पण शब्दावर काम करता येत नाही, प्रसंगावर करता येतं. समजा साहेब म्हणाले, “ऑगस्टमध्ये ग्राहकाची तक्रार आली तेव्हा ८-डी रिपोर्टचा डी-३ चोवीस तासांत जायला हवा होता. मी तीनदा विचारल्यावर गेला. ग्राहकाचा फोन थेट प्लांट हेडना आला.” ८-डी म्हणजे तक्रार सोडवायची आठ पायऱ्यांची पद्धत. तिसऱ्या पायरीत मूळ कारण सापडेपर्यंतची तात्पुरती सोय कळवायची असते: संशयित माल वेगळा काढणं, गोदामातला साठा पुन्हा तपासणं.

आता कोडं उलगडायला लागतं. तिच्या दृष्टीने उशीर झाला, कारण रात्रपाळीच्या सुपरवायझरकडून तपासलेल्या मालाचे आकडे आले नव्हते आणि अर्धवट रिपोर्ट पाठवणं तिला बरोबर वाटलं नाही. साहेबांना हे तिने कधी सांगितलंच नव्हतं. त्यांना दिसला तो फक्त प्लांट हेडना आलेला फोन.

दुसरा प्रश्न: “कॅलिब्रेशनमध्ये माझ्यासाठी तुम्हाला काय मांडता आलं, आणि कुठे मुद्दा कमी पडला?” इतरांचं काही न विचारता हा प्रश्न त्या बंद खोलीचं दार थोडं उघडतो. उत्तर साधारण तीन प्रकारचं येतं. फॉर्ममध्ये चूक झालेली असते, म्हणजे बाराऐवजी दहाच ऑडिट मोजलेले असतात. ती लगेच लेखी दुरुस्त करून घ्यावी. किंवा साहेबांचं निरीक्षण असतं, ऑगस्टच्या तक्रारीसारखं. काम करायचं ते इथे. किंवा जागाच नव्हत्या, वरच्या श्रेणीतली नावं आधीच भरली होती. तिथे आपल्याला सुधारण्यासारखं फारसं नसतं, आणि ते कळणंही उपयोगाचं असतं. पोर्टलवर ‘ॲक्नॉलेज’ करण्याआधी तिथला मजकूर वाचावा. वाचल्याची नोंद आणि मान्य असल्याची नोंद या वेगळ्या गोष्टी आहेत. शेऱ्याची जागा असेल तर राग उतरल्यावर, दुसऱ्या दिवशी, दोन ओळी लिहाव्यात.

आठवड्याने होणाऱ्या दुसऱ्या बैठकीला एक पान घेऊन जावं. आपल्या इंजिनिअरच्या पानावर आधी तिला काय समजलं ते: ‘ऑगस्टमध्ये डी-३ उशिरा गेला, अडचण मी वेळेत कळवली नाही.’ मग बदल: तक्रार आल्यापासून बारा तासांत, आकडे पूर्ण नसले तरी, आहे तेवढ्यावर डी-३ पाठवायचा आणि काय बाकी आहे ते त्यातच लिहायचं. माहिती अडली तर चार तासांत साहेबांना कळवायचं. त्यानंतर साहेबांकडून काय हवं: रात्रपाळीकडून आकडे मिळावेत म्हणून प्रॉडक्शनच्या मॅनेजरशी त्यांनी एकदा बोलावं. शेवटी मोजमाप: दर तिमाहीला आलेल्या तक्रारींपैकी किती डी-३ वेळेत गेले. आढावा जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीत, प्रत्येकी पंधरा मिनिटं.

यात साहेबांच्या वाट्याचं काम लिहिलेलं आहे, हे महत्त्वाचं. ते नसेल तर डेव्हलपमेंट प्लॅन म्हणजे ‘एक ट्रेनिंग करून घे’ एवढ्यावर आटोपतो. बैठक झाली की त्याच दिवशी ठरलेले मुद्दे चार ओळींच्या मेलमध्ये पाठवावेत. आणि या बैठकीत रेटिंगचा विषय आपणहून काढू नये. काढला की पहिलीच बैठक पुन्हा सुरू होते.

या सगळ्याला मर्यादा आहेत. बाळंतपणाच्या रजेमुळे किंवा छळाची तक्रार केल्यामुळे रेटिंग पडलं असेल, तर ती विकासाची चर्चा नाही. तो तक्रारीचा विषय आहे आणि तो कागदपत्रांसह एचआरकडे लेखी न्यायला हवा. थेट ‘पीआयपी’, म्हणजे मुदतबंद सुधारणा योजना, हातात दिली असेल, तर तिच्यातल्या अटी आणि तारखा आधी स्पष्ट करून घ्याव्यात, कारण तिथे नोकरीचा प्रश्न असतो. आणि दोनदा मागूनही साहेब दुसऱ्या बैठकीला वेळ देत नसतील, प्रसंग विचारल्यावर पुन्हा ‘ओनरशिप’च म्हणत असतील, तर तेही एक उत्तर आहे. अंतर्गत बदली किंवा दुसरी नोकरी शोधायचा निर्णय मग रागाच्या भरात न घेता माहितीवर घेता येतो.

साहेबांनी प्रतिसाद दिला, तर मात्र जानेवारीचा आढावा सर्वांत मोलाचा. दोनच महिन्यांत ती यादी पुन्हा पडद्यावर लागणार असते. इंजिनिअरच्या नावावर चर्चा येईल तेव्हा साहेबांकडे ‘मेहनती मुलगी आहे’ यापेक्षा जास्त काही हवं. ‘वर्षभरात नऊ तक्रारी आल्या, आठ डी-३ बारा तासांत गेले, नवव्याला उशीर होणार हे तिने आधीच कळवलं होतं’ हे वाक्य त्यांच्यापर्यंत जानेवारीतच, लेखी, पोचलेलं हवं. त्या खोलीत आपल्याला प्रवेश नसतो. आपल्या कामाचा हिशेब मात्र तिथे पाठवता येतो.