चेंडू चार मीटर पुढे निघून गेला

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आमच्याकडे ठाण्याला आला होता. बेडरूममधल्या कॉम्प्युटरवरचा क्रिकेटचा गेम त्याला हॉलमध्ये सोफ्यावर लोळून मोबाइलवर खेळायचा होता. अर्ध्या तासात त्याने ते जमवलंही. चित्र झकास दिसत होतं, पण तासाभरात त्याचा फलंदाज चौदा वेळा त्रिफळाचीत झाला. "मामा, मी बॅट वेळेवर फिरवतोय, तोच उशिरा फिरवतोय," तो वैतागून म्हणाला.

पोराचं म्हणणं खरं होतं. ताशी 140 किलोमीटर वेगाने आलेला चेंडू सेकंदाला जवळजवळ 39 मीटर जातो. कॉम्प्युटरवरचं चित्र मोबाइलवर सेकंदाच्या फक्त एक दशांश भागाने उशिरा पोहोचलं, तरी तेवढ्यात चेंडू चार मीटर पुढे निघून गेलेला असतो. भाचा जिथे चेंडू पाहत होता, तिथे तो नव्हताच. या उशिराला तांत्रिक भाषेत 'लेटन्सी' म्हणतात आणि ती मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजतात.

मी लगेच इंटरनेट कंपनीला दोष देऊन मोकळा झालो, आणि तिथेच चुकलो. या खेळात इंटरनेटचा काही संबंध नसतो.

घरातल्या घरात प्रक्षेपण

गेम चालतो कॉम्प्युटरवरच. त्यावर बसवलेला 'सनशाइन' नावाचा मोफत प्रोग्रॅम पडद्यावरचं चित्र पकडतो, ग्राफिक्स कार्डाकडून त्याचा व्हिडिओ बनवून घेतो आणि राउटरमार्फत मोबाइलकडे धाडतो. मोबाइलवरचं 'मूनलाइट' हे ॲप तो व्हिडिओ उलगडून दाखवतं आणि आपण दाबलेली बटणं उलट दिशेने कॉम्प्युटरकडे पाठवतं. पहिल्यांदा जोडताना मोबाइलवर चार आकडी पिन दिसतो. तो कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये `https://localhost:47990` हे पान उघडून तिथे टाकायचा, की दोघांची ओळख पटते. स्टीमवर गेम विकत घेणाऱ्यांसाठी त्याच कंपनीचं 'स्टीम लिंक' हे ॲपही हेच काम करतं.

हा सगळा प्रवास घराच्या चार भिंतींतच होतो. व्हिडिओ सेकंदाला 20 मेगाबिटने पाठवला, तर तासाला 9 जीबी डेटा हवेतून जातो, पण तुमच्या इंटरनेट प्लॅनमधून त्यातला एक थेंबही खर्च होत नाही. राउटरची बाहेरून येणारी फायबरची वायर काढून ठेवली, तरी मोबाइलवरचं चित्र चालू राहतं. म्हणून 100 एमबीपीएसचा प्लॅन 300 चा करून भाच्याचा एकही बळी वाचला नसता.

उशीर मोजायचा कसा?

यासाठी घरगुती युक्ती आहे. कॉम्प्युटरच्या पडद्यावर शंभरावा भाग दाखवणारं स्टॉपवॉच लावायचं, तोच पडदा मोबाइलवर स्ट्रीम करायचा, मोबाइल मॉनिटरशेजारी धरायचा आणि दुसऱ्या मोबाइलने दोघांचा एकत्र फोटो काढायचा. आमच्या फोटोत मॉनिटरवर 12.48 होतं आणि मोबाइलवर 12.36. म्हणजे 120 मिलिसेकंदांचा फरक. असे पाच-सहा फोटो काढून सरासरी घ्यावी, कारण पडदे स्वतःच सेकंदाला साठ वेळा बदलतात, त्यामुळे एखाद्या फोटोत 16-17 मिलिसेकंदांची गफलत सहज होते.

हा उशीर होतो कुठे, ते मूनलाइटच सांगतं. ॲपच्या सेटिंगमध्ये खेळताना आकडेवारी दाखवण्याचा पर्याय आहे. त्यातल्या तीन ओळी पाहाव्यात: नेटवर्कचा सरासरी उशीर आणि त्यातला चढउतार, वाटेत हरवलेल्या फ्रेम्सचं प्रमाण, आणि मोबाइलला व्हिडिओ उलगडायला लागणारा वेळ. आमच्याकडे उलगडण्याचा वेळ 9 मिलिसेकंद होता, म्हणजे मोबाइल निर्दोष. नेटवर्कचा उशीर मात्र 38, चढउतार 25 आणि हरवलेल्या फ्रेम्स सहा टक्के. चोर वायफायमध्ये होता.

यातला चढउतार हा आकडा सरासरीपेक्षा महत्त्वाचा. उशीर कायम 20 मिलिसेकंद असेल, तर हाताला त्याची सवय होते. कधी 5 आणि कधी 60 असेल, तर सवय कशाची लावून घ्यायची? सेकंदाला साठ फ्रेम्स म्हणजे दर 16.7 मिलिसेकंदांनी एक नवं चित्र. 20 मेगाबिटच्या व्हिडिओत एकेक चित्र तीस-चाळीस पाकिटांत तुकडे होऊन येतं. थोडी पाकिटं हरवली, तर सोबत पाठवलेल्या जादा पाकिटांवरून ती भरून काढता येतात. जास्त हरवली, तर ते चित्रच सोडून द्यावं लागतं आणि पडदा क्षणभर गोठतो. नेमका त्याच क्षणी यॉर्कर पडतो.

एकपदरी पूल

आमच्या घरी राउटर हॉलमध्ये, मोबाइल हॉलमध्ये, कॉम्प्युटर बेडरूममध्ये, आणि दोन्ही वायफायवर. वायफाय हा एकपदरी पुलासारखा असतो. एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं. कॉम्प्युटरही वायफायवर असेल, तर प्रत्येक पाकीट हा पूल दोनदा ओलांडतं: आधी कॉम्प्युटरकडून राउटरकडे आणि मग राउटरकडून मोबाइलकडे. शिवाय बेडरूमची भिंत मध्ये. तिथे पाकीट खराब झालं, की पुन्हा पाठवलं जातं, आणि मागची रांग लांबते.

याची खातरजमा करायची, तर कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडून राउटरला हाक मारत राहावी:

```
ping -t 192.168.1.1
```

हा पत्ता अनेक घरांत असतो. वेगळा असेल, तर राउटरच्या तळाला चिकटवलेल्या कागदावर मिळतो. उत्तर दर वेळी 1 ते 3 मिलिसेकंदांत यायला हवं. आमच्याकडे 3, 4, 47, 2, 88 असे आकडे येत होते. मोबाइलला मात्र अशी हाक मारून निष्कर्ष काढू नये. पडदा बंद असलेला मोबाइल बॅटरी वाचवायला वायफाय झोपवून ठेवतो, त्यामुळे ते आकडे उगाच मोठे दिसतात.

पहिला इलाज साधाच होता. पंधरा मीटरची लॅनची वायर आणून ती भिंतीच्या कडेने बेडरूममध्ये नेली आणि कॉम्प्युटर थेट राउटरला जोडला. पिंग लगेच 1 मिलिसेकंदाच्या आत आला. मूनलाइटमधला उशीर 38 वरून 13 वर उतरला आणि हरवलेल्या फ्रेम्स एक टक्क्याखाली आल्या. नवा राउटर घेण्याआधी ही वायर टाकून पाहावी. रिपीटर लावणं हा मात्र बहुधा उलटा उपाय ठरतो, कारण तो तेच पाकीट पुन्हा हवेत सोडून पुलावर आणखी एक फेरी वाढवतो.

राउटरच्या आत तीन बदल

उरलेला उशीर राउटरच्या सेटिंगमध्ये होता. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकून, कागदावरचा पासवर्ड देऊन आत गेलो.

पहिला बदल बँडचा. आमच्या राउटरने 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ या दोन्ही बँडना एकच नाव दिलं होतं आणि मोबाइल मनाला येईल तो बँड धरत होता. बँड स्टिअरिंग किंवा स्मार्ट कनेक्ट नावाचं हे सेटिंग बंद करून 5 गिगाहर्ट्झला वेगळं नाव दिलं आणि मोबाइल त्यालाच जोडला. 2.4 गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल फक्त तीन: 1, 6 आणि 11. आमच्या इमारतीत त्यांवर वीस-बावीस घरांचे राउटर दाटीवाटीने बसलेले आहेत. मायक्रोवेव्ह आणि ब्लूटूथही तिथेच. ब्लूटूथचा गेमपॅड मोबाइलला जोडला असेल, तर 2.4 वर तुमचा गेमपॅड तुमच्याच व्हिडिओच्या वाटेत येतो.

दुसरा बदल चॅनलचा. 'ऑटो' सोडून 36 ते 48 किंवा 149 ते 161 यांतला, शेजाऱ्यांची गर्दी कमी असलेला चॅनल निवडावा. मधले 52 ते 144 हे चॅनल रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. रडारची चाहूल लागली, की राउटरला चॅनल सोडावाच लागतो आणि तुमचा डाव मध्येच तुटतो. चॅनलची रुंदी दाटीच्या इमारतीत 80 ऐवजी 40 मेगाहर्ट्झ ठेवली, तर कमी शेजाऱ्यांशी टक्कर होते. 20 मेगाबिटच्या व्हिडिओला तेवढी रुंदी पुरून उरते.

तिसरं सेटिंग उशिराचं नाही, पण अनेकांचं घोडं तिथेच पेंड खातं. मूनलाइटला कॉम्प्युटर सापडतच नसेल, तर मोबाइल 'गेस्ट' नेटवर्कवर आहे का ते पाहावं. गेस्ट नेटवर्क किंवा एपी आयसोलेशन चालू असलं, की राउटर एका उपकरणाला दुसऱ्याशी बोलूच देत नाही. तिथे सगळं ठीक असेल, तर विंडोजने घरच्या नेटवर्कला 'पब्लिक' ठरवून फायरवॉलचं दार लावलेलं असतं. ते 'प्रायव्हेट' करावं.

एवढं करूनही दर काही सेकंदांनी ठराविक अंतराने झटका बसत असेल, तर दोष बहुधा मोबाइलचा. लोकेशनसाठी तो मधूनमधून आसपासची वायफाय नेटवर्क्स धुंडाळतो आणि तेवढ्यापुरतं आपलं काम सोडतो. अँड्रॉइडच्या लोकेशन सेटिंगमधलं वायफाय स्कॅनिंग बंद केलं, की हा झटका बहुतेक वेळा जातो. आणि उलगडण्याचाच वेळ 16 मिलिसेकंदांच्या वर दिसला, तर रिझोल्यूशन 1080 वरून 720 वर आणावं. सहा इंचांच्या पडद्यावर फरक फारसा जाणवत नाही.

सगळं झाल्यावर मूनलाइटने नेटवर्कचा उशीर 4 मिलिसेकंद दाखवला, चढउतार 1, हरवलेल्या फ्रेम्स शून्य. पुन्हा फोटो काढले, तेव्हा सरासरी फरक 45 मिलिसेकंद आला. तो शून्य होणार नाही. चित्र पकडणं, व्हिडिओ बनवणं, तो उलगडणं आणि पडद्याच्या पुढच्या फेरीची वाट पाहणं, हा वेळ घेणारच. 45 मिलिसेकंदांत 140 च्या वेगाचा चेंडू पावणेदोन मीटर जातो. कोडी, शर्यती, गोष्टी सांगणारे गेम एवढ्या उशिरात आरामात खेळता येतात, क्रिकेटही सरावाने जमतं. पण डोळ्याचं पातं लवण्याआधी गोळी झाडायचे ऑनलाइन गेम मात्र कॉम्प्युटरसमोर बसूनच खेळावेत.

भाच्याने त्या संध्याकाळी त्रेसष्ट धावा केल्या आणि झेलबाद झाला. या वेळी त्याने वायफायला दोष दिला नाही.