गाडी आधी सुटली की बॅग आधी भरली?

आन्ना रात्री आठ वाजता स्टेशनवर पोहोचली. गाडी सुटली होती. दुपारी तिच्या भावाचा तोरिनोहून फोन आला होता. वडिलांना बरं नाही असं त्याने सांगितलं, तिने बॅग भरली, टॅक्सी शोधली, पण ती मिळाली नाही. ती बाकावर बसली.

असा एखादा इंग्रजी उतारा इटालियनमध्ये न्यायचा आहे असं समजा. इंग्रजी लेखक गाडीसाठी ‘हॅड लेफ्ट’ लिहील, फोनसाठी ‘हॅड कॉल्ड’ लिहील, आणि त्यानंतर ‘हॅड’ सोडून देईल. सांगितलं, भरली, शोधली ही सगळी क्रियापदं साध्या भूतकाळात येतील. एकदा मागे गेल्याची खूण केली की पुढचं वाचक समजून घेतो. मराठीतही आपण तेच करतो. वरच्या परिच्छेदात ‘आला होता’नंतर ‘होता’ गळून पडला, तरी कुठे अडखळायला झालं नाही.

इटालियन गोष्टीत मात्र अडखळायला होतं. छापील कथेत घटना एकामागून एक पुढे सरकतात त्या पास्सातो रेमोतो या काळात. ‘आर्रिवो’ म्हणजे पोहोचली, ‘सी सेदेत्ते’ म्हणजे बसली. या काळातलं प्रत्येक क्रियापद गोष्टीला एक पाऊल पुढे टाकायला लावतं. त्यामुळे भाषांतरकाराने इंग्रजीच्या भरवशावर ‘फेचे ला वालीजा’, म्हणजे बॅग भरली, असं लिहिलं, तर गाडी चुकल्यावर आन्ना फलाटावर उभी राहून बॅग भरते आहे की काय, अशी शंका येते. आधीच्या घटना मागे ठेवायला इथे त्रापास्सातो प्रोस्सिमो लागतो, आणि तो एकदा वापरून भागत नाही.

त्याची घडण मराठी माणसाला परकी वाटू नये. आपण ‘सुटली’ला ‘होती’ जोडतो. इटालियन माणूस ‘असणे’ किंवा ‘जवळ असणे’ या क्रियापदाचं अपूर्ण भूतकाळातलं रूप घेऊन त्याला भूतकालवाचक धातुसाधित जोडतो. गाडी ‘एरा पार्तीतो’, कारण इटालियनमध्ये गाडी पुल्लिंगी. आन्ना निघून गेली असती तर ‘एरा पार्तीता’. इंग्रजीतल्या ‘माय फ्रेंड हॅड लेफ्ट’मध्ये मित्र की मैत्रीण हे दडलेलं असतं. इटालियनमध्ये शेवटच्या एका स्वराने ते उघड होतं, म्हणून उत्तर शोधायला कधी पुढची दहा पानं चाळावी लागतात.

आता उतारा पुन्हा लावू. भावाने ‘आवेवा तेलेफोनातो’, त्याने ‘आवेवा देत्तो’, तिने ‘आवेवा फात्तो’ बॅग, ‘आवेवा चेर्कातो’ टॅक्सी. वडिलांना बरं नसणं मात्र ‘स्तावा माले’ असं अपूर्ण भूतकाळातच राहतं, कारण भाऊ बोलत होता तेव्हा ते आजारपण चालूच होतं. ते फोनच्या आधी घडून संपलेलं नाही. मग ‘सी सेदेत्ते’ आलं की वाचक आपोआप स्टेशनवर परततो.

इतके ‘आवेवा’ कानाला टोचतात, हे खरं. कर्ता आणि सहायक क्रियापद एकच असेल तर ते एकदाच लिहून पुढे नुसती धातुसाधितं ठेवता येतात: ‘आवेवा फात्तो’ बॅग, मग नुसतं ‘चेर्कातो’ टॅक्सी. पण मध्येच ती खाली उतरली असेल तर ‘एरा शेसा’ येतं, आणि त्यानंतर ‘आवेवा’ पुन्हा लिहावंच लागतं. आठवण चार-पाच पानांची असेल तर अनेक लेखक सुरुवातीची काही वाक्यं त्रापास्सातोत लिहितात, मग सरळ पास्सातो रेमोतोत उतरतात आणि परतीच्या जागी मोकळी ओळ सोडतात. मला हा तोडगा लांब आठवणीपुरताच पटतो. तीन वाक्यांसाठी तो केला की गोंधळ होतो.

उलटी चूकही होते. इंग्रजीत ‘हॅड’ दिसला की हात आपोआप त्रापास्सातोकडे जातो. पण ‘शी हॅड बीन वेटिंग फॉर टू अवर्स’ला तो चालत नाही. वाट पाहणं अजून संपलेलं नाही, म्हणून इटालियन म्हणतो ‘आस्पेत्तावा दा दुए ओरे’. अगदी आपल्या ‘दोन तासांपासून वाट पाहत होती’सारखं.

मराठीतून इटालियनकडे गेलेल्याला आणखी एक सवय मोडावी लागते. ‘गेल्या वर्षी मी कोकणात गेलो होतो’ असं आपण सहज म्हणतो; त्यानंतर काही घडलेलं असण्याची गरज नसते. तेच वाक्य इटालियनमध्ये ‘एरो आंदातो’ने सुरू केलं, तर समोरचा पुढच्या घटनेची वाट पाहत राहतो.

मसुदा तपासताना मी मुख्य क्रियापदं तेवढी अधोरेखित करते आणि त्यातली पास्सातो रेमोतोतली क्रमाने वाचते. आन्नाच्या उताऱ्यात दोनच उरायला हवीत: पोहोचली आणि बसली. मध्ये बॅग आली, तर मसुदा परत टेबलावर.