अर्जाचे रकाने पानाचा फॉन्ट का घेत नाहीत?

दिवाळी अंकाची मागणी नोंदवण्यासाठी एक साधा ऑनलाइन अर्ज बनवला आहे असं समजू. पानाचा फॉन्ट 'मुक्ता', आकार १८ पिक्सेल. मथळा, सूचना, अंकाची किंमत असा सगळा मजकूर ठसठशीत दिसतो. आता 'नाव' या रकान्यात 'ज्योत्स्ना' टाइप करा. अक्षरं एकदम बारीक होतात आणि त्यांचं वळणही बदलतं. 'पत्ता' या मोठ्या रकान्यात पिनकोडचे इंग्रजी आकडे आणखी निराळे दिसतात, कारण तिथे प्रत्येक आकड्याला आणि अक्षराला सारखीच रुंदी मिळते. 'मागणी नोंदवा' हे बटणही बारीकच राहतं. पान बनवणाऱ्याने फॉन्ट सांगितला होता, तो पानभर लागलाही. ज्या जागी वाचकाला स्वतः लिहायचं आहे, नेमका तिथेच तो लागला नाही.

याचं मूळ जुनं आहे. वेबपानावर अर्ज भरण्याची सोय आधी आली; पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसची पहिली शिफारस डिसेंबर १९९६मध्ये प्रसिद्ध झाली. त्या काळचे ब्राउझर रकाने आणि बटणं स्वतः रेखाटत नसत, ते संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीमकडून तयार घेत. त्यामुळे विंडोजवरचं बटण विंडोजसारखं दिसे आणि मॅकवरचं मॅकसारखं. पुढे सीएसएस २.१नेही अर्जातल्या घटकांना कोणते गुणधर्म कसे लागू व्हावेत हे ठरवलं नाही, ते ब्राउझरवर सोडलं. आज ब्राउझर हे घटक बऱ्याच अंशी स्वतःच रेखाटतात, पण जुनी रीत त्यांच्या मूळ नियमावलीत टिकून आहे.

ही नियमावली प्रत्येक ब्राउझरसोबतच येते. शीर्षक ठळक असावं, दुव्याखाली रेघ असावी, हे तीच ठरवते. तिच्यातच रकाने आणि बटणं यांच्यासाठी फॉन्टचा वेगळा नियम आहे. विंडोजवरच्या क्रोममध्ये तो साधारणपणे एरियल, १३.३३ पिक्सेल म्हणजे १० पॉइंट, असा असतो. अनेक ओळींच्या रकान्याला, म्हणजे `textarea`ला, समान रुंदीच्या अक्षरांचा फॉन्ट मिळतो.

इथे एक शंका येईल. पान बनवणाऱ्याचा नियम ब्राउझरच्या नियमापेक्षा वरचढ असतो ना? असतो, पण दोन्ही नियम एकाच घटकाला उद्देशून असतील तरच. आपण फॉन्ट सांगतो तो `body`ला. तिथून तो आतल्या परिच्छेदांना आपोआप मिळतो, कारण त्यांच्यासाठी फॉन्टचा दुसरा कुठलाच नियम नसतो. रकान्याला मात्र ब्राउझरने नाव घेऊन नियम दिलेला असतो. सगळ्या कचेरीसाठी परिपत्रक निघालं, पण एका कर्मचाऱ्याच्या नावे स्वतंत्र आदेश असला, तर तो कर्मचारी आदेशच पाळणार. म्हणूनच `body`च्या फॉन्टपुढे `!important` लिहूनही काही फरक पडत नाही. परिपत्रकाची भाषा कडक झाली, तरी आदेश अजून कायम असतो.

हे डोळ्यांनी पाहता येतं. क्रोममध्ये रकान्यावर राइट-क्लिक करून Inspect निवडा. Styles या भागात रकान्याच्या नियमाशेजारी `user agent stylesheet` असं लिहिलेलं दिसेल. हीच ती ब्राउझरची नियमावली. खाली `body`कडून येणारा मुक्ताचा नियमही दिसेल, पण खोडलेला. मग Computed उघडून शेवटी Rendered Fonts पाहा. अक्षरं प्रत्यक्षात कुठल्या फॉन्टमध्ये उमटली, ते तिथे कळतं.

मराठी मजकूर असेल तर तिथे बहुधा एरियलही दिसणार नाही. एरियलमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत, म्हणून ब्राउझर त्या यंत्रावरचा दुसरा फॉन्ट शोधतो. विंडोजवर तो निर्मला यूआय असू शकतो, अँड्रॉइडवर नोटो. म्हणजे एकच अर्ज प्रत्येक यंत्रावर निराळा दिसतो. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणं मिळतील की हिंदी, हेही मग पान बनवणाऱ्याच्या हातात राहत नाही. आकार बारीक असल्याने 'त्स्ना'सारखं जोडाक्षर वाचायला त्रास होतो, आणि आपण नाव बरोबर लिहिलं का, हे तपासणंच अवघड होतं.

उपाय चार ओळींचा आहे. रकान्यांना आणि बटणांना आपणही नाव घेऊन नियम द्यायचा, आणि त्यात वरच्या घटकाचा फॉन्ट घ्यायला सांगायचं:

```css
input, textarea, select, button,
::file-selector-button {
  font: inherit;
}
```

आता दोन्ही नियम एकाच घटकाला उद्देशून आहेत, त्यामुळे आपला वरचढ ठरतो. यादीतलं शेवटचं नाव फाइल निवडायच्या बटणाचं आहे; ते फाइलच्या रकान्याच्या आत असतं, म्हणून वेगळं सांगावं लागतं. इथे `font-family` न लिहिता `font` लिहिण्याला कारण आहे. नुसतं `font-family` लिहिलं तर मुक्ता येईल, पण १३.३३ पिक्सेलचाच. `font`मध्ये फॉन्टच्या नावाबरोबर आकार, जाडी, तिरपेपणा आणि ओळीची उंचीही येते. अक्षरांमधलं अंतर मात्र त्यात येत नाही, आणि देवनागरीसाठी ते बरंच आहे. ते अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते.

काही जण यासाठी `*` वापरून पानावरच्या प्रत्येक घटकाला फॉन्ट लावतात. त्याने रकाने सुधारतात, पण चिन्हांच्या फॉन्टमधून येणारी चिन्हं बिघडून त्यांच्या जागी रिकामे चौकोन दिसू शकतात. नियम ज्यांना हवा, त्यांनाच द्यावा.

नियम लावल्यावर दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली जाडीची. 'नाव' हे लेबल ठळक असेल आणि रकाना त्या लेबलच्या आतच असेल, तर टाइप केलेलं नावही ठळक उमटतं. तिथे रकान्याला `font-weight: 400` द्यावं. दुसरी आकाराची. आयफोनवर सफारीत रकान्यातला मजकूर १६ पिक्सेलपेक्षा लहान असेल, तर बोट लावताच पान मोठं होतं आणि अर्जाची कड पडद्याबाहेर जाते. आपल्या अर्जाचा आकार १८ आहे, म्हणून तो सुटला. पण पानाचा मजकूर १४चा असेल, तर रकान्यांना निदान १६ मिळेल अशी सोय करावी. वरच्या नियमानंतर हे जोडावं:

```css
input, textarea, select {
  font-size: max(16px, 1em);
}
```

या उपायाला मर्यादाही आहे. 'जिल्हा' निवडायची यादी फोनवर उघडली की ती पुष्कळदा फोनची सिस्टीम दाखवते. तारखेच्या रकान्यातून उघडणारं कॅलेंडरही ब्राउझरचं किंवा सिस्टीमचं असतं. तिथे पानाचा फॉन्ट पोचेलच असं नाही. बंद रकान्यात दिसणारा मजकूर तेवढा आपल्या नियमाने चालतो.

बूटस्ट्रॅपसारख्या तयार संचांत असा नियम आधीच असतो, त्यामुळे ते वापरणाऱ्यांना ही अडचण सहसा जाणवत नाही. स्वतः पान लिहिणाऱ्याने तो सीएसएसच्या सुरुवातीलाच घालावा. मग प्रत्येक रकान्यात 'ज्योत्स्ना' आणि 'कर्वे' टाइप करून Rendered Fonts पुन्हा पाहावं. तिथे Mukta दिसलं आणि रफार, वेलांट्या कापल्या गेल्या नाहीत, म्हणजे अर्ज भरायला द्यायला हरकत नाही.