ही क्लिप नेमकी कुठल्या कार्यक्रमातली?

क्वीन या ब्रिटिश बँडच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ची दीड-दोन मिनिटांची क्लिप हाती आली आहे, असं समजू. पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीचा आवाज, सोबत पियानो, मागे गर्दीचा कल्लोळ. खाली तारीख नाही, ठिकाण नाही. ही क्लिप कुठली, हे चित्र न बघता, केवळ ऐकूनही ठरवता येतं.

सुरुवात मूळ ध्वनिमुद्रणापासून करावी. १९७५च्या त्या मुद्रणात गाण्याचा आरंभ वाद्यांशिवाय, एकावर एक चढवलेल्या आवाजांनी होतो. मधला ऑपेराचा भागही असाच: तिघांनी पुन्हापुन्हा गाऊन आवाजांचे थर रचलेले. चार माणसांना हे मंचावर उभं करणं शक्यच नव्हतं. म्हणून मैफलीत हा भाग टेपवरून वाजवायचे, त्या वेळी बँड मंचावरून आत जायचा आणि पुढच्या रॉकच्या तुकड्याला परतायचा. त्यामुळे एक विचित्र गोष्ट घडते. अस्सल लाइव्ह मुद्रणातही ऑपेराचा तुकडा स्टुडिओतलाच असतो. आपली क्लिप नेमकी तेवढीच असेल, तर मागच्या गर्दीशिवाय हाताशी काही उरत नाही.

आणि गर्दीचा आवाज हा पुरावा नव्हे. १९८४ साली सान रेमो आणि माँत्रो इथल्या कार्यक्रमांत क्वीननं ‘रेडिओ गा गा’ खऱ्या प्रेक्षकांसमोर सादर केलं, पण वाजत होती रेकॉर्ड. कलाकार फक्त ओठ हलवत होते. मंच खरा, टाळ्या खऱ्या, गाणं मात्र स्टुडिओतलं.

इथे कामाला येते ती जुळवणी. ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्राममध्ये क्लिप आणि स्टुडिओतलं गाणं एकाखाली एक ठेवा, दोन्हींतला एखादा ठसठशीत ठोका जुळवा आणि एकदम वाजवा. पाठीमागे रेकॉर्ड लावलेली असेल, तर दोन्ही शेवटपर्यंत एकत्र चालतात. माणसं खरोखर वाजवत असतील, तर काही सेकंदांतच ती फाटतात: इथे किंचित पुढे, तिथे किंचित मागे. क्लिपचा वेगच बदललेला असेल, तरी अंतर पडतं; पण ते एकसारखं वाढत जातं. अनियमित फरक हीच जिवंत वादनाची खूण.

आपली क्लिप अशीच फाटली, म्हणजे ती लाइव्ह ठरली. आता कार्यक्रम शोधायचा. इथे मी सर्वांत जास्त भरवसा ठेवतो तो गाणं संपल्यावरच्या पहिल्या काही सेकंदांवर. आपल्या क्लिपमध्ये गिटारचा तुकडा संपता संपता ‘रेडिओ गा गा’चा ठेका सुरू होतो. हे गाणं १९८४चं, आणि फ्रेडीसह क्वीनची शेवटची मैफल झाली ९ ऑगस्ट १९८६ला, नेबवर्थला. वर्षानुवर्षांच्या मैफलींतून अडीच-तीन वर्षंच उरली.

त्यातली १९८६ची वेम्ब्लीची मैफल बाजूला पडते, कारण तिथे ‘ऱ्हॅप्सडी’नंतर ‘हॅमर टू फॉल’ येतं. पण इथे घाई करू नये. जानेवारी १९८५च्या रिओच्या कार्यक्रमातही ‘ऱ्हॅप्सडी’नंतर ‘रेडिओ गा गा’च येतं. फरक एवढाच, की तिथे ऑपेरासकट अख्खं गाणं होतं. आपल्या क्लिपमध्ये गाणं ऑपेराच्या आधीच तोडलं आहे. असं तोडण्याचं कारण वेळ. १३ जुलै १९८५ला वेम्ब्ली स्टेडियमवर झालेल्या ‘लाइव्ह एड’मध्ये प्रत्येक बँडच्या वाट्याला वीसेक मिनिटंच होती आणि तेवढ्यात क्वीनला सहा गाणी बसवायची होती.

अंदाज बांधला, की तो पुन्हा त्याच जुळवणीनं तपासावा. या वेळी खालच्या पट्टीवर स्टुडिओतलं गाणं नाही, तर ‘लाइव्ह एड’चं अधिकृत मुद्रण ठेवायचं. क्लिप त्याच प्रयोगाची असेल, तर ती कुणी प्रेक्षकांत बसून टिपलेली असली, आवाज कितीही बोदा असला, तरी श्वास, चुका आणि ठोके आपापल्या जागी बसतात. दोन वेगळ्या रात्री अशा कधीच बसत नाहीत.

चित्र असेल तर काम सोपं होतं: लख्ख दिवसाउजेड, पांढरा बनियन, पियानोवर पेप्सीचे पेले. मात्र याच गाण्याचं नाव असलेल्या २०१८च्या चित्रपटात हे सगळं हुबेहूब उभं केलं आहे, तेव्हा गाणाऱ्याचा चेहरा नीट पाहावा.

एका ठिकाणी मात्र ही पद्धत थांबते. क्वीनचा माँट्रियलचा चित्रपट २४ आणि २५ नोव्हेंबर १९८१ या दोन रात्रींचं चित्रण जोडून केलेला आहे. त्यातल्या क्लिपवर एकच तारीख ठामपणे लिहू नका. ‘माँट्रियल, नोव्हेंबर १९८१’ एवढंच लिहा.