‘९ टक्के’ नक्की कशाचे? पाकिटामागचा तक्ता आणि आपण खाल्लेल्या भाकरवड्या

या भागात फोनवर आलेल्या एका फोटोबद्दल बोलायचंय. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर.

फोटो माझ्या मावशीचा. तिला ब्लडप्रेशर आहे आणि डॉक्टरांनी दिवसभरात सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत मीठ ठेवायला सांगितलंय. तिने भाकरवडीच्या पाकिटाची मागची बाजू फोटो काढून पाठवली आणि खाली लिहिलं, ‘सोडियम फक्त ९% आहे रे, म्हणजे चालेल ना?’

आता हे ९ टक्के तिने नीट वाचले होते. आकडा बरोबर, पण तो कशाचा हे फोटोत नव्हतं, कारण फोटोत तक्त्याचा फक्त मधला भाग आला होता. म्हणून मी पहिल्यांदा तिला दुसरा फोटो मागितला. लेबलच्या फोटोत तीन गोष्टी हव्यातच: रकान्यांची शीर्षकं, सर्व्हिंगचं वजन आणि पाकिटाचं निव्वळ वजन. हे तिसरं बहुतेक वेळा पुढच्या बाजूला असतं, म्हणजे फोटो दोन लागतात. पाकीट टेबलावर सपाट दाबून धरायचं आणि फ्लॅश बंद ठेवायचा. चकचकीत प्लास्टिकवर फ्लॅश पडला की पहिला बळी जातो तो दशांशचिन्हाचा.

दुसऱ्या फोटोत सगळं दिसलं. पाकीट २५० ग्रॅमचं, एक सर्व्हिंग २५ ग्रॅम. एका रकान्यात १०० ग्रॅममागचे आकडे: ऊर्जा ५१० किलोकॅलरी, प्रथिनं ९ ग्रॅम, कर्बोदकं ५४ ग्रॅम, फॅट २८.७ ग्रॅम, सोडियम ७२० मिलिग्रॅम. शेजारच्या रकान्यात टक्के, सोडियमसमोर ९.

इथेच गोची आहे. आपल्याकडच्या एफएसएसएआयच्या २०२०च्या लेबलिंगच्या नियमांनुसार बहुतेक पाकिटांवर आकडे १०० ग्रॅममागे असतात आणि टक्के मात्र एका सर्व्हिंगमागे. शेजारी शेजारी दोन रकाने, पण दोघांचं माप वेगळं. टक्के काढताना मोठ्या माणसाचा दिवस धरलाय २००० किलोकॅलरी आणि २००० मिलिग्रॅम सोडियमचा. हे २००० मिलिग्रॅम सोडियम म्हणजेच डॉक्टर म्हणतात ते साधारण ५ ग्रॅम मीठ. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ मिळतं, एवढं लक्षात ठेवा.

म्हणजे मावशीचे ९ टक्के हे २५ ग्रॅमचे. आणि २५ ग्रॅम म्हणजे किती भाकरवड्या? हे लेबल सांगत नाही, वजनकाटा सांगतो. मी तिला दहा भाकरवड्या एकदम वजनाला ठेवायला सांगितल्या. एकच ठेवली असती तर घरच्या काट्याची एखाद्या ग्रॅमची चूकही मोठी ठरली असती, शिवाय सगळ्या वड्या काही सारख्या नसतात. दहा वड्या भरल्या १२० ग्रॅम, म्हणजे एक साधारण १२ ग्रॅमची. थोडक्यात लेबलवरचं एक सर्व्हिंग म्हणजे दोन भाकरवड्या. दोन भाकरवड्या खाऊन डबा बंद करणारा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही.

मावशीने खाल्ल्या होत्या सात. चहाबरोबर, बोलता बोलता. सात गुणिले १२ म्हणजे ८४ ग्रॅम. पुढचं एकाच ओळीचं आहे:

```
khalle = 84
sodium = 720 * khalle / 100    # 604.8
```

साधारण ६०० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे दीड ग्रॅम मीठ. दिवसाच्या मर्यादेचे ९ नाही, ३० टक्के, आणि तेही जेवणाआधी. ऊर्जाही त्याच गुणोत्तराने: ५१० गुणिले ०.८४, म्हणजे सुमारे ४३० किलोकॅलरी. मी सर्व्हिंगच्या भानगडीत न पडता नेहमी १०० ग्रॅमच्या रकान्यावरूनच हिशेब करतो. सर्व्हिंग किती धरायचं हे कंपनी ठरवते, १०० ग्रॅम मात्र सगळ्यांचे सारखे.

घरात काटा नसेल तर? नवीन पाकीट फोडलं की नग मोजा. २५० ग्रॅममध्ये २१ वड्या निघाल्या आणि तुम्ही सात खाल्ल्या, तर पाकिटाचा एक तृतीयांश भाग खाल्ला, म्हणजे ८३ ग्रॅम. उत्तर जवळपास तेच. चिवडा, फरसाण असं मोजता येत नाही. तिथे खाण्याआधी आणि खाल्ल्यानंतर अख्खं पाकीट वजन करायचं आणि वजाबाकी करायची. फक्त चिवड्याचं मीठ-मसाला तळाशी बसतो, त्यामुळे तळाचा चिवडा खाणाऱ्याच्या वाट्याला हिशेबापेक्षा जास्त मीठ येतं.

आता फोटोतला आकडा बरोबर वाचला की नाही हे कसं ओळखायचं? फोनने फोटोतून टेक्स्ट उचललं तर दोन रकाने एकमेकांत मिसळतात, २८.७ चे २८७ होतात. १०० ग्रॅम खाऊत २८७ ग्रॅम फॅट असू शकत नाही, हे लगेच कळतं. पण २.८७ झालं तर? तेव्हा ऊर्जेची बेरीज करून बघायची. प्रथिनं आणि कर्बोदकं प्रत्येक ग्रॅमला ४ किलोकॅलरी देतात, फॅट ९. आपल्या पाकिटात ३६ अधिक २१६ अधिक २५८, बरोबर ५१०. जमलं! २.८७ धरलं असतं तर बेरीज २७८ वर अडली असती. फायबर वगैरेंमुळे थोडा फरक पडतो, पण निम्म्याचा नाही. ऊर्जेचाच आकडा चारपटीने मोठा दिसला तर तो किलोज्यूलमध्ये आहे का ते बघा.

सोडियम या बेरजेत येत नाही, त्याला कॅलरीच नसतात. तिथे टक्के कामाला येतात. ७२० च्या जागी पुसट फोटोत १२० दिसले समजा. २५ ग्रॅममागे ३० मिलिग्रॅम, म्हणजे २००० च्या दीड टक्के. लेबल तर ९ म्हणतंय. ७२० धरले की २५ ग्रॅममागे १८०, म्हणजे नेमके ९ टक्के. तर ज्या टक्क्यांनी मावशीची फसगत झाली तेच इथे साक्षीदार.

अर्थात ६०४.८ मधले ते .८ सोडून द्या. प्रत्येक घाण्यात मीठ थोडं इकडेतिकडे होतंच. ६०० म्हणा. आणि औषध, पथ्य यांचं काय करायचं ते डॉक्टरांना हा आकडा सांगून विचारा, मला नाही.

एक गोष्ट राहिली, पाण्यात कालवून खायच्या वस्तू. सूपचं पाकीट घ्या: पावडर १३ ग्रॅम, त्यात पाणी घालून १५० ग्रॅम सूप. लेबलवर १०० ग्रॅममागे ४००० मिलिग्रॅम सोडियम दिलंय असं धरू. हे बहुधा कोरड्या पावडरचं असतं. तयार सूपचं असेल तर तसं लिहिलेलं असतं. तर १३ ग्रॅमचा हिशेब ५२० मिलिग्रॅम. पण कॅलरी मोजायच्या ॲपमध्ये कुणी ‘१५० ग्रॅम खाल्लं’ असं टाकलं की तिथे ६००० येतात, म्हणजे १५ ग्रॅम मीठ. आणि अख्ख्या पाकिटात पावडरच होती १३ ग्रॅम.