बावीस स्लाइड, दहा मिनिटे

ग्रामसभेत सर्पदंशावर दहा मिनिटे बोलायचे आहे, आणि वरिष्ठांनी ड्राइव्हवर टाकलेल्या प्रेझेंटेशनमध्ये बावीस स्लाइड आहेत. प्रत्येक स्लाइडवर साधारण सत्तर शब्द. आरोग्य सेविकेपुढे असा प्रसंग नेहमी येतो. आधी साधा हिशेब करू. बावीस गुणिले सत्तर म्हणजे १५४० शब्द. लोकांना समजेल अशा बेताने बोलले, तर मिनिटाला शंभर-एकशे दहा शब्द होतात. म्हणजे नुसते वाचून दाखवायलाच चौदा मिनिटे लागतील. भरभर बोलून हा प्रश्न सुटत नाही. काय सांगायचे आणि काय ठेवायचे, हे आधी ठरवावे लागते.

मूळ फाइलला हात लावू नका, तिची प्रत करा. मग पॉवरपॉइंटमध्ये View मेनूतून Outline View उघडा, म्हणजे स्लाइडचा मजकूर एका ओळीने दिसतो. मात्र वेगळ्या चौकटीत टाकलेला मजकूर आणि चित्रातली अक्षरे तिथे येत नाहीत, म्हणून प्रत्येक स्लाइडवरून एकदा नजर फिरवाच.

आता प्रत्येक स्लाइडला एकच प्रश्न विचारायचा: हे ऐकून माणूस घरी जाऊन काय वेगळे करेल? प्रतिविष कसे तयार होते, त्यात घोड्याचा उपयोग कसा होतो, ही माहिती चांगलीच आहे. पण रात्री अंगणात साप चावला तर ती कामाची नाही. अशा स्लाइड पुसू नका, Hide Slide करून लपवा. कोणी विचारलेच, तर सादरीकरण चालू असताना त्या स्लाइडचा क्रमांक दाबून एंटर केले की ती समोर येते. या चाळणीतून चार टप्पे उरतात: सुरुवात १ मिनिट, नाग-मण्यार-घोणस-फुरसे हे चार विषारी साप ३ मिनिटे, चावल्यावर काय करायचे ४ मिनिटे, काळजी आणि शेवट १ मिनिट. उरलेले एक मिनिट मोकळेच ठेवा. माइक, टाळ्या, मध्येच येणारा प्रश्न यांत ते जाते.

खरी कसोटी टिपणे लिहिताना लागते. सर्वांत महत्त्वाच्या स्लाइडवर असे लिहिले होते: ‘सर्पदंश झालेल्या व्यक्तीला धीर द्यावा व हालचाल करू देऊ नये. दंश झालेला अवयव फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा. अंगठी, बांगड्या, पैंजण काढून ठेवावेत. जखम कापू किंवा चोखू नये, दोरीने आवळून बांधू नये. साप शोधण्यात वेळ न दवडता प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात तातडीने न्यावे.’

घाईत केलेले पहिले टिपण असे झाले: ‘धीर, फळी, दागिने, जखम कापणे, दोरी, रुग्णालय.’ शब्द कमी झाले, पण त्याबरोबर ‘नये’ही गेले. सभेत नजर चुकली, तर जे करायचे नाही तेच तोंडून जाईल. म्हणून दुसरे टिपण असे केले:

करा: धीर, हलवू नका, फळी. अंगठी-पैंजण काढा.
करू नका: कापणे, चोखणे, आवळणे, साप शोधणे.
१०८ ला फोन. प्रतिविष असेल तिथेच न्या.
पुढे: ‘आता चावूच नये म्हणून…’

सगळे मिळून पंचवीसच्या आसपास शब्द. ‘करा’ आणि ‘करू नका’ वेगळ्या ओळींवर गेल्याने चूक होण्याची जागाच राहिली नाही. शेवटची ओळ पुढच्या स्लाइडकडे नेणारी आहे. बोलणारा अडखळतो तो बहुधा दोन मुद्द्यांच्या मधल्या सांध्यावर, म्हणून हे वाक्य पूर्ण लिहावे. बाकी ठिकाणी शब्द पुरतात. १०८ सारखे आकडेही टिपणात हवेतच, ऐन वेळी आठवणीवर सोडू नयेत.

हे टिपण स्लाइडखालच्या Notes च्या जागेत लिहा. स्लाइडवरचा लांबलचक मजकूर काढून तिथे फळी लावलेल्या पायाचे मोठे चित्र ठेवा, कारण पडद्यावर वाक्ये असली की लोक वाचतात, ऐकत नाहीत. वीज किंवा प्रोजेक्टर दगा देईल म्हणून टिपणे मोठ्या अक्षरांत छापून जवळ ठेवा.

मग Rehearse Timings लावून, उभे राहून, मोठ्याने बोला. प्रत्येक स्लाइडला किती सेकंद गेले ते ते नोंदवते. मनातल्या मनात वाचलेल्या भाषणाची वेळ नेहमी फसवते. नऊ मिनिटांच्या पुढे गेलात, तर बोलण्याचा वेग वाढवू नका, एक साप कमीही करू नका. प्रत्येक सापाची एकच खूण ठेवा. मण्यारची खूण सांगाच: ती बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि जागेवर सूज किंवा वेदना फारशी नसते, त्यामुळे चावल्याचे कळतही नाही.

शेवटी एक तपासणी उरते. पडदा बंद ठेवून फक्त टिपणाच्या आधारे घरातल्या कोणाला तरी हे सांगा आणि मग त्यांनाच विचारा, ‘साप चावला तर काय करू नये?’ चारही गोष्टी त्यांनी सांगितल्या, तर टिपण सभेत न्यायला तयार आहे. एक जरी सुटली, तर तेवढी ओळ पुन्हा लिहा.