चौसष्ट घरं, चौसष्ट बिट

बुद्धिबळाचा पट संगणकाला शिकवायचा म्हटलं की पहिल्यांदा सुचते ती आठ गुणिले आठची तक्ती. प्रत्येक घरात एक आकडा: रिकामं असेल तर शून्य, पांढरं प्यादं असेल तर एक, घोडा असेल तर दोन. ही मांडणी वाचायला सोपी असते आणि बिनचूक चालते, पण चालते सावकाश. d4 वरचा हत्ती कुठे जाऊ शकतो हे काढायला प्रोग्रॅमला d5, d6, d7 असं एकेक घर तपासत, मोहरा आडवा येईपर्यंत जावं लागतं, आणि तेही चारही दिशांना. प्रोग्रॅम सेकंदाला लाखो स्थिती चाळतो आणि प्रत्येक स्थितीत ही पायपीट नव्याने होते.

पटावर घरं ६४ आहेत. आजच्या प्रोसेसरचा एक पूर्णांकही ६४ बिटांचा असतो. तेव्हा प्रत्येक घराला एक बिट द्यायचा: a1 ला शून्य क्रमांकाचा, b1 ला एक, आणि असं करत h8 ला त्रेसष्ट. मग ‘पांढरी प्यादी कुठे आहेत?’ या प्रश्नाचं उत्तर एकाच संख्येत मावतं. यालाच बिटबोर्ड म्हणतात. सहा प्रकारचे मोहरे आणि दोन रंग, म्हणजे बारा संख्यांत सारे मोहरे बसतात. कुणाची खेळी आहे, किल्लेकोट अजून करता येतो का, अशा किरकोळ नोंदी शेजारी ठेवल्या की झालं.

ही कल्पना ६४ बिटांच्या प्रोसेसरहून जुनी आहे. १९७४ साली स्टॉकहोमला संगणकांची पहिली जागतिक बुद्धिबळ स्पर्धा जिंकणारा सोव्हिएत ‘काइसा’ बिटबोर्ड वापरत होता. अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या प्रोग्रॅमनेही तीच वाट धरली होती. गंमत अशी की, तो ज्या सीडीसी यंत्रावर चाले त्याचा शब्द ६० बिटांचा होता. चार घरं पटाबाहेर, म्हणून एका पटाला दोन शब्द खर्ची घालावे लागत.

प्याद्यांपाशी या मांडणीचा फायदा लगेच दिसतो. एक ओळ पुढे जाणं म्हणजे क्रमांकात आठ मिळवणं, म्हणजेच सगळे बिट आठ जागा सरकवणं.

```
(wp << 8) & empty
```

सुरुवातीच्या स्थितीत पांढरी प्यादी मिळून होणारी संख्या ६५,२८० आहे. ती आठ जागा सरकवली की आठही प्यादी एकदम तिसऱ्या ओळीत येतात, आणि रिकाम्या घरांशी ‘अँड’ केलं की ज्यांची वाट अडली आहे ती आपोआप गळतात. उजवीकडे तिरकं मारायचं असेल तर नऊ जागा सरकवायच्या. इथे नवखे हमखास फसतात. h4 चा क्रमांक ३१. त्यात नऊ मिळवले की ४०, आणि ४० म्हणजे a6! पटाच्या उजव्या कडेवरून प्यादं थेट डाव्या कडेला प्रकटतं. संख्येला पटाची कड ठाऊक नसते, म्हणून सरकवण्याआधी h ओळीतली प्यादी वगळावी लागतात.

घोडा आणि राजा यांचं काम सोपं आहे. त्यांना आडवं कुणी येत नसल्यामुळे प्रत्येक घरासाठी एक, अशी ६४ उत्तरं आधीच लिहून ठेवता येतात. खरी अडचण हत्ती, उंट आणि वजिराची, कारण त्यांची मजल वाटेतल्या मोहऱ्यांवर ठरते.

पुन्हा d4 वरचा हत्ती घेऊ. त्याच्या वाटेवर चौदा घरं आहेत. पण कडेच्या घरात मोहरा असला काय, नसला काय, हत्तीचा मारा तिथवर पोहोचतोच. कडेची चार वगळली की उरतात दहा: d2, d3, d5, d6, d7 आणि b4, c4, e4, f4, g4. दहा घरं भरलेली किंवा रिकामी असण्याचे प्रकार होतात १,०२४. ही सगळी उत्तरं प्रोग्रॅम सुरू होतानाच काढून ठेवायची. सगळ्या घरांवरच्या हत्तीची मिळून १,०२,४०० उत्तरं होतात. प्रत्येकाला आठ बाइट धरले तर बरोबर ८०० किलोबाइट जागा लागते.

प्रश्न उरतो तो नेमकी ओळ शोधण्याचा. ते दहा बिट संख्येत विखुरलेले आहेत. ते गोळा करून ० ते १,०२३ मधला क्रमांक कसा बनवायचा? यासाठी जी युक्ती रूढ झाली तिला ‘मॅजिक बिटबोर्ड’ म्हणतात:

```
i = ((occ & mask[sq]) * magic[sq]) >> shift[sq];
moves = table[sq][i] & ~own;
```

वाटेतल्या मोहऱ्यांच्या संख्येला एका खास संख्येने गुणायचं. गुणाकारात विखुरलेले बिट वरच्या टोकाला जमतात. D4 साठी ५४ जागा खाली सरकवलं की वरचे दहा उरतात. तोच क्रमांक. शेवटच्या ओळीत आपल्याच मोहऱ्यांची घरं वगळली जातात. चार दिशांची पायपीट एका गुणाकारावर येते.

ही खास संख्या कुठल्या सूत्रातून येत नाही. कमी बिट असलेल्या यादृच्छिक संख्या घ्यायच्या, सगळ्या १,०२४ प्रकारांवर चालवून बघायच्या आणि दोन वेगवेगळी उत्तरं एकाच क्रमांकावर आली की ती संख्या टाकून द्यायची. उत्तर सारखंच असेल तर एका क्रमांकावर आलेलं चालतं. नावात जादू असली तरी कारभार सगळा चाचपडण्याचा. इंटेलने २०१३ च्या हॅसवेल प्रोसेसरपासून बिट गोळा करणारी `PEXT` ही आज्ञाच दिली, तेव्हा गुणाकाराचीही गरज उरली नाही. मात्र एएमडीच्या पहिल्या झेन प्रोसेसरांवर ती इतकी मंद होती की तिथे जुनी युक्तीच बरी.

एवढं करूनही हाती येतात त्या शक्य चाली. नियमात बसणाऱ्या नव्हेत. आपल्या राजाला शह बसेल अशी चाल करता येत नाही. ते तपासायला राजाच क्षणभर हत्ती आहे असं मानायचं: त्याच्या जागेवरून हत्तीची चाल काढायची आणि तिच्यात शत्रूचा हत्ती किंवा वजीर सापडतो का बघायचं. मग तसंच उंट, घोडा आणि प्यादं मानून. राजा आणि शत्रूचा हत्ती यांच्यामध्ये आपला एकच मोहरा असेल तर तो जखडलेला. त्याने ती रेघ सोडायची नाही.

हा ‘एकच मोहरा’ नियम एके ठिकाणी दगा देतो. ही स्थिती प्रोग्रॅमर मंडळींत प्रसिद्ध आहे:

```
8/2p5/3p4/KP5r/1R3p1k/8/4P1P1/8 w - -
```

चौथ्या ओळीत b4 वर पांढरा हत्ती, f4 वर काळं प्यादं, h4 वर काळा राजा. पांढरा e2 चं प्यादं दोन घरं पुढे e4 ला नेतो. आता मध्ये दोन प्यादी आहेत, म्हणजे जखडलेलं कुणीच नाही. काळ्याला ‘एन पासान’ नियमाने e3 वर जाऊन ते मारता येईल असं वाटतं. पण त्या एका चालीत e4 आणि f4 ही दोन्ही घरं एकदम रिकामी होतात आणि हत्ती थेट राजावर येतो. त्यामुळे या चालीपुरती दोन्ही प्यादी उचलून शह वेगळा तपासावा लागतो.

अशी चूक डोळ्यांना दिसत नाही. प्रोग्रॅम शेकडो डाव बिनबोभाट खेळतो. तिच्यावरचा इलाज म्हणजे ‘पर्फ्ट’: अमुक खोलीपर्यंतच्या सगळ्या चालींची निव्वळ मोजदाद. सुरुवातीच्या स्थितीतून २०, ४००, ८,९०२, १,९७,२८१ असे आकडे यायला हवेत. पण इतक्या उथळ मोजणीत हा प्रसंग येतच नाही, म्हणून वरची स्थिती चालवायची. तिथे एका चालीला १४ आणि दोन चालींना १९१ हे बरोबर उत्तर. १९३ आलं तर प्रत्येक पहिल्या चालीचा हिशेब वेगळा छापून बघायचा. e2e4 नंतर १६ ऐवजी १७ आणि g2g4 नंतर १७ ऐवजी १८ दिसले, की जास्तीच्या दोन चाली कुठून आल्या ते कळतं.